विदर्भातल्या ऑफिससाठी वॉटरसाइड फ्री कूलिंग: आधी पाण्याचं तापमान, मग एक्स्चेंजर

प्रश्न: वर्धा जिल्ह्यात गावाबाहेर आमच्या कंपनीचं तीन मजली ऑफिस आहे. १०० टीआरचे दोन वॉटर-कूल्ड स्क्रू चिलर, दोन सेलचा कुलिंग टॉवर, चिल्ड वॉटर ७/१२. तळमजल्यावर २० टीआरची सर्व्हर रूम चोवीस तास चालते. हिवाळ्यात प्लेट हीट एक्स्चेंजर लावून चिलर बंद ठेवायचे आहेत. सल्लागारांनी 'वेट बल्ब ७ डिग्रीला आला की चेंजओव्हर' असं लिहून दिलंय. एक्स्चेंजर केवढा घ्यावा आणि चेंजओव्हर नेमका कशावर करावा?

उत्तर:

तो ७ चा आकडा आधी बाजूला ठेवा. अ‍ॅश्रेच्या ९०.१ मानकात वॉटर इकॉनॉमायझरची क्षमता तपासताना बाहेरची हवा १० डिग्री ड्राय बल्ब आणि ७.२ वेट बल्ब धरतात, तिथून तो उचललेला दिसतो. मानकातला तो आकडा 'एवढ्या थंडीत इकॉनॉमायझरने सगळा लोड उचलला पाहिजे' हे तपासायला आहे. चेंजओव्हरचा बिंदू म्हणून तो दिलेलाच नाही. आपल्याकडे तो तसाच वापरला तर थंडीच्या लाटेतल्या मोजक्या पहाटा सोडल्या तर एक्स्चेंजर हिवाळाभर बसून राहील.

डिसेंबरातला एक नेहमीसारखा, निरभ्र दिवस घ्या. रात्री आठला २० डिग्री आणि ५५ टक्के आर्द्रता असेल, तर वेट बल्ब साधारण १४.४ येतो. मध्यरात्री १६ डिग्री आणि ६५ टक्क्यांना १२. पहाटे साडेपाचला १३ डिग्री आणि ७५ टक्क्यांना १०.३. ऊन चढलं की सकाळी दहाला २२ डिग्री आणि ४५ टक्क्यांना १४.७, आणि दुपारी तीनला २८ डिग्री आणि ३५ टक्क्यांना जवळजवळ १८. पुढची सगळी डिझाइन याच वक्रावर बसवू. म्हणजे आपल्याकडची फ्री कूलिंग ही रात्रीची आणि सकाळची गोष्ट आहे. ऑफिसचा खरा लोड मात्र दुपारचा असतो. सर्व्हर रूम नसती तर मी तुम्हाला सरळ सांगितलं असतं की एक्स्चेंजर लावू नका. ती आहे, म्हणून पुढचं लिहितो.

वेट बल्बपासून चिल्ड वॉटरपर्यंत दोन पायऱ्या आहेत. टॉवरचं पाणी वेट बल्बपेक्षा काही अंश वर राहतं, तो टॉवरचा अ‍ॅप्रोच. एक्स्चेंजरमधून निघणारं चिल्ड वॉटर टॉवरच्या पाण्यापेक्षा आणखी थोडं वर राहतं, तो एक्स्चेंजरचा अ‍ॅप्रोच. दोन्हींची बेरीज वेट बल्बमध्ये मिळवली की हातात येणारं पाणी कळतं. इथे हमखास होणारी चूक अशी की टॉवरच्या पाटीवर ४ डिग्री अ‍ॅप्रोच लिहिलाय म्हणून हिवाळ्यातही ४ धरतात. पाटीवरचा आकडा २६-२८ वेट बल्बचा असतो. थंड हवेत वाफ सामावण्याची जागा कमी असते, त्यामुळे तोच टॉवर तेवढ्याच उष्णतेला १०-११ वेट बल्बवर जवळजवळ दुप्पट अ‍ॅप्रोच देतो. सुदैवाने हिवाळ्यात लोड थोडा असतो, आणि उष्णता कमी झाली की अ‍ॅप्रोचही उतरतो. तुमचा एक सेल साधारण ४४० किलोवॉट उष्णतेसाठी निवडलेला असणार. रात्री सर्व्हर रूमचे २० टीआर म्हणजे फक्त ७० किलोवॉट. त्या लोडला एका सेलवर १.७ डिग्रीच्या आसपास अ‍ॅप्रोच मिळतो असं मी धरतो. टॉवर बनवणाऱ्याकडून हिवाळी वक्र मागवून तो पक्का करून घ्या. एक्स्चेंजरचा रात्रीचा अ‍ॅप्रोच ०.८ धरू. बेरीज २.५.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. फ्री कूलिंगचे तास एक्स्चेंजरच्या आकाराने फारसे वाढत नाहीत, ते चिल्ड वॉटरच्या सेटपॉइंटने वाढतात. ७ डिग्री पाणी मागितलंत तर वेट बल्ब ४.५ लागेल, तो विषयच संपला. १४ मागितलंत तर ११.५ लागेल, आणि वरच्या दिवसात तो रात्री साधारण एकपासून सकाळी साडेसातपर्यंत मिळतो. १७ चालत असेल तर १४.५ पुरतो, आणि तो रात्री आठपासून सकाळी ऑफिस सुरू होईपर्यंत मिळतो. तीन डिग्रीत साडेसहा तासांचे बारा झाले. शिवाय नोव्हेंबरच्या आणि फेब्रुवारीच्या ज्या रात्री १४ ला कधीच उतरल्या नसत्या, त्यातल्या बऱ्याच १७ ला उतरतात.

१७ डिग्रीच्या पाण्याने सर्व्हर रूम सांभाळता येते का, हा पुढचा प्रश्न येणारच. अ‍ॅश्रेची शिफारस सर्व्हरच्या तोंडाशी १८ ते २७ डिग्री हवा अशी आहे. १७ चं पाणी आणि नीट निवडलेली कॉइल असेल तर २०-२१ ची हवा मिळते, ती पुरेशी आहे. अट एवढीच की सर्व्हर रूमच्या युनिटची कॉइल १७/२२ वर ७० किलोवॉट देते का, हे बनवणाऱ्याकडून लेखी घ्यायचं. ७/१२ वर निवडलेली जुनी कॉइल १७ ला बहुतेक कमी पडते. तसं असेल तर पहिला पैसा एक्स्चेंजरवर घालू नका, त्या कॉइलवर घाला.

मजल्यांवरच्या एएचयूंना हिवाळ्यात १४ चं पाणी चालतं, आणि त्याचं कारण आपल्या हवेत आहे. दिवाळीनंतर आपली हवा कोरडी असते. २८ डिग्री आणि ३५ टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू ११ च्या आसपास येतो. कॉइलला ओलावा काढायचं कामच उरत नाही, फक्त हवा थंड करायची असते. ७ चं पाणी देऊन आपण आधीच कोरड्या हवेतलं उरलंसुरलं पाणी ड्रेनमध्ये सोडतो आणि त्यासाठी कॉम्प्रेसरला वीज मोजतो. किनारपट्टीवरच्या इमारतीत हे असं सरसकट करता आलं नसतं. कॉइलची क्षमता खोलीची हवा आणि पाणी यांच्या फरकावर ढोबळमानाने चालते असं धरलं, तर २४ च्या खोलीत ७ च्या पाण्याला १७ अंशांचा फरक मिळतो आणि १४ च्या पाण्याला १० चा. म्हणजे क्षमता साठ टक्क्यांच्या जवळ राहते, आणि हिवाळी लोड त्याहून कमी असतो.

जोडणीबद्दल माझं मत पक्कं आहे. एक्स्चेंजर चिलरच्या समांतर लावू नका. समांतर लावला की तो एकतर सगळा लोड उचलेल किंवा काहीच नाही, अधलंमधलं काम त्याला जमत नाही. तो रिटर्न लाइनवर, चिलरच्या आधी हवा. मग सकाळी टॉवरचं पाणी १५.५ असलं तरी १९ ने परत येणारं पाणी १७ पर्यंत उतरवता येतं आणि उरलेलं १७ ते १४ चिलर करतो. पाच अंशांतले दोन फुकट मिळाले, म्हणजे ६० टीआरमधले २४ टीआर. मुख्य पंपांच्या वाटेत मात्र तो थेट बसवू नका, नाहीतर त्याच्या प्लेट्सचा दाब वर्षाचे बारा महिने, अगदी मे महिन्यातही, पंपाला सोसावा लागेल. रिटर्न हेडरमधून पाणी उचलून एक्स्चेंजरमधून फिरवून त्याच हेडरमध्ये थोडं पुढे सोडणारा छोटा वेगळा पंप ठेवा, व्हीएफडीसह. फक्त या पंपाचा प्रवाह हेडरमधल्या प्रवाहापेक्षा जास्त होऊ देऊ नका. झाला तर पुढे सोडलेलं गार पाणी मागे वळून पुन्हा एक्स्चेंजरमध्ये शिरतं, आत जाणारं पाणी थंड दिसायला लागतं आणि पंप नुसता गोल फिरतो. चिलर बंद असताना पाणी त्याच्या इव्हॅपोरेटरमधून ढकलत बसायला नको, म्हणून तिथे एक बायपास व्हॉल्व्हही ठेवा.

आता आकार. रात्रीची स्थिती अशी: चिल्ड वॉटर सेकंदाला ३.४ लिटर, २२ वरून १७ वर. टॉवरचं पाणी सेकंदाला १० लिटर, १६.२ वरून साधारण १७.९ वर. दोन्ही टोकांचे फरक ४.१ आणि ०.८, त्यांचा लॉग सरासरी फरक २ अंश. एवढ्या कमी प्रवाहाला प्लेट्सचा उष्णता-वहन गुणांक मी चौरस मीटरला २५०० वॉट प्रति अंश धरतो.

```
A = 70000 / (2500 x 2.03) = 13.8 m2
```

सकाळची स्थिती, म्हणजे १० लिटर पाणी १९ वरून १७ वर, ही ८४ किलोवॉटची आहे. पण तिथे प्रवाह जास्त म्हणून गुणांक ४००० च्या घरात जातो आणि १.५ चा अ‍ॅप्रोच पुरतो. तिलाही १४ चौरस मीटरच्या आसपास लागतात. म्हणजे रात्र आणि सकाळ जवळजवळ सारखाच आकार मागतात. त्यावर दहा टक्के वाढवून १५ चौरस मीटरच्या आसपास घ्या. २०० टीआरच्या पूर्ण प्लँटसाठी एक्स्चेंजर मागवाल तर पैसा तर जाईलच, शिवाय रात्रीच्या थोड्या प्रवाहाला प्लेट्समध्ये पाण्याचा वेग इतका कमी पडेल की गाळ तिथेच बसेल. शेल-अँड-ट्यूबसाठी वापरतात तसा मोठा फाउलिंग फॅक्टरही याच कारणासाठी मागू नका.

अ‍ॅप्रोच ०.८ ऐवजी ०.४ मागितला तर क्षेत्रफळ जवळजवळ १९ चौरस मीटर होतं, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वाढ. बदल्यात संध्याकाळी अर्धा-पाऊण तास आधी चिलर बंद होईल. मी तो सौदा करणार नाही. त्यापेक्षा फ्रेम थोडी लांब घ्या, पुढे लोड वाढला तर प्लेट्स घालता येतील.

आता चेंजओव्हर. वेट बल्ब सेन्सरवर अख्खा कारभार सोपवू नका. आर्द्रता मोजणारा सेन्सर तीन टक्के चुकला तर वेट बल्ब अर्ध्या अंशाने चुकतो, आणि आपलं गणितच दोन-अडीच अंशांवर उभं आहे. म्हणून माझा नियम असा: आत शिरताना अंदाजावर, बाहेर पडताना मोजमापावर. फ्री कूलिंग सुरू करायची की नाही हे वेट बल्ब सांगेल, कारण तोवर टॉवरचं पाणी थंड केलेलंच नसतं आणि मोजायला दुसरं काही हातात नसतं. एकदा सुरू झाली की चालू ठेवायची की नाही हे पाण्यातले सेन्सर सांगतील. पाण्याचे सेन्सर थर्मोवेलमध्ये, पेस्ट भरून, आणि एक्स्चेंजरच्या आतबाहेरचे दोन एकाच भांड्यात बुडवून एकमेकांशी जुळवलेले हवेत. ०.७ अंशाच्या फरकावर निर्णय घ्यायचा असेल तर दोन सेन्सरमध्ये अर्ध्या अंशाचा बेबनाव परवडत नाही. हवेचा सेन्सर उत्तरेच्या भिंतीवर, सावलीत आणि टॉवरच्या वाफेपासून दूर लावा.

दुसरी गोष्ट, सकाळच्या मिश्र चालीत तुलना सप्लाय सेटपॉइंटशी करू नका, रिटर्नशी करा. टॉवरचं पाणी सेटपॉइंटपेक्षा गरम असलं तरी रिटर्नपेक्षा गार असेल तोवर ते कामाचं आहे. तुमच्या सल्लागारांच्या एका ओळीच्या नियमात नेमका हाच भाग सुटलाय.

तिसरी, रात्री मिश्र चाल ठेवूच नका. १०० टीआरचा स्क्रू चिलर वीस-पंचवीस टीआरच्या खाली नीट उतरत नाही. वीसमधले दहा एक्स्चेंजरने काढून घेतले तर चिलर दर काही मिनिटांनी बंद-चालू होत राहील. रात्री एकतर चिलर, नाहीतर एक्स्चेंजर. मी बीएमएसवाल्याला असं लिहून देईन, यात CH म्हणजे फक्त चिलर, FC म्हणजे फक्त एक्स्चेंजर, MIX म्हणजे दोन्ही, आणि A म्हणजे दोन अ‍ॅप्रोचची बेरीज:

```
NIGHT 19:00-08:15   T_set = 17, A = 2.5
  CH -> FC : T_wb + A <= T_set         15 min
  FC -> CH : T_sup > T_set + 1.0       10 min
DAY   08:15-19:00   T_set = 14, A = 4.5
  MIX on   : T_wb + A <= T_ret - 1.5   15 min, load > 40 TR
  MIX off  : T_ret - T_phe_out < 0.7   10 min
CH, FC : min 60 min
```

दिवसाचा A साडेचार आहे, कारण तेव्हा चिलरची उष्णताही त्याच टॉवरवर येते: टॉवरचे ३ आणि एक्स्चेंजरचे १.५. रिटर्न १९ असेल तर वेट बल्ब १३ पर्यंत मिश्र चाल सुरू होईल, आणि दहाच्या सुमारास फरक ०.७ च्या खाली गेला की आपोआप थांबेल. रविवारी एएचयू बंद असतात, त्या दिवशी रात्रीचंच वेळापत्रक चालू ठेवा, सर्व्हर रूमला पावणेदहापर्यंत फुकटचं पाणी मिळेल. ६० मिनिटांची किमान मुदत काढून टाकण्याचा मोह कुणालाही होऊ देऊ नका. ढगाळ रात्री वेट बल्ब काठावर रेंगाळतो आणि मुदत नसेल तर कॉम्प्रेसर रात्रभर उठबस करतो.

आता जिथे मी स्वतः पोळलोय ते सांगतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका इमारतीत मी अशीच व्यवस्था सुरू करून दिली होती. रात्र छान जायची आणि सकाळी साडेआठला चिलर ट्रिप व्हायचा. रोज. तिथला ऑपरेटर फोनवर म्हणाला, "सायेब, रातभर काही कटकट नाई, पण सकायी चिलर लावला का दोन मिनिटात बसते." पॅनेलवर दिसायचं ऑइल डिफरन्शियल प्रेशर कमी. मी आधी ऑइल फिल्टर पाहिला, मग सेन्सर. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी पहाटे स्वतः जाऊन टॉवरच्या बेसिनमध्ये थर्मामीटर बुडवला. १२ डिग्री. ते पाणी पूर्ण प्रवाहाने कंडेन्सरमध्ये शिरत होतं. स्क्रू चिलरमध्ये तेल फिरवायला आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून गॅस ढकलायला कंडेन्सर आणि इव्हॅपोरेटर यांच्यात दाबाचा फरक लागतो. कंडेन्सर एवढा गार असेल तर तो फरक तयारच होत नाही. चिलर निर्दोष होता, चूक माझ्या डिझाइनची होती. त्या चिलरच्या पुस्तकात किमान १८ डिग्री पाणी असं स्पष्ट लिहिलेलं होतं. तुमच्या चिलरचा आकडा त्याच्या पुस्तकातून काढा.

उपाय म्हणून कंडेन्सरच्या बाहेर पडणाऱ्या लाइनवर मॉड्युलेटिंग व्हॉल्व्ह बसवला, आणि त्याला चिलरच्याच कंट्रोलरमधून निघणारा हेड प्रेशरचा सिग्नल जोडला. सुरुवातीला व्हॉल्व्ह पाव भागच उघडा राहतो. थोडं पाणी कंडेन्सरमध्ये जास्त वेळ थांबून गरम होतं, दाब चढतो, आणि मग व्हॉल्व्ह हळूहळू उघडतो. याचा मोठा फायदा असा की बेसिन १२ वरच राहू शकतं आणि एक्स्चेंजरला हवं ते गार पाणी मिळत राहतं. टॉवरचा पंखा बंद करून सगळं बेसिन १८ पर्यंत चढू देणं हा स्वस्त उपाय आहे, पण मग मिश्र चालीला अर्थच उरत नाही. व्हॉल्व्ह लावल्यावर आणखी एक अडचण आली: प्रवाह कमी झाल्याने कंडेन्सरचा पॅडल फ्लो स्विच 'पाणी नाही' म्हणू लागला. तो काढून दाब-फरकाचा स्विच लावला आणि तो चिलरवाल्याने दिलेल्या किमान प्रवाहावर सेट केला, तेव्हा सकाळ शांत झाली. तुम्ही हे दोन्ही पहिल्या दिवसापासून ड्रॉइंगमध्ये घ्या.

दुसरं दुखणं खास आपल्या भागाचं. फ्री कूलिंगचा मोसम आणि जिनिंगचा मोसम एकच. नोव्हेंबरपासून रस्त्याने कापसाच्या गाड्या सुरू होतात, आणि जवळपास जिनिंग असेल तर हवेत तूस उडत असते. कुलिंग टॉवर म्हणजे हवा धुणारं यंत्रच, ती सगळी तूस बेसिनमध्ये येते. त्याच इमारतीत तीन आठवड्यांत एक्स्चेंजरचा अ‍ॅप्रोच १.४ वरून ३.६ वर गेला. स्ट्रेनर उघडला तेव्हा जाळीवर करड्या रंगाची बोटभर जाडीची लादी बसलेली होती. हातात घेतली तर तेलात भिजलेल्या वातीसारखी लागली, तिच्यात माती आणि शेवाळ गुरफटलेलं होतं. प्लेट्समधली फट जेमतेम तीन मिलिमीटरची असते, तिथे हे शिरलं की प्लेट्स उघडण्यावाचून गत्यंतर नसतं.

अशा वेळी लोक घाईने अ‍ॅसिडने डिस्केल करायला घेतात, कारण आपलं बोअरचं पाणी जड असतं आणि क्षार म्हटलं की सगळ्यांना पटतं. पण कॅल्शियम कार्बोनेट गरम पाण्यात जास्त बसतं. १५ डिग्रीच्या एक्स्चेंजरमध्ये ते पहिला संशयित नसतं, ते चिलरच्या कंडेन्सरमध्ये बसतं. दोन्हींतला फरक ओळखायचा असेल तर टॉवरच्या बाजूचा दाब-फरक पाहा. अ‍ॅप्रोच वाढला आणि दाब-फरकही वाढला तर तूस किंवा गाळ अडकलाय. अ‍ॅप्रोच वाढला पण दाब-फरक जवळजवळ तसाच राहिला तर प्लेटवर पातळ थर बसलाय, आणि या तापमानाला तो बहुधा शेवाळाचा किंवा जंतूंचा चिकट थर असतो. म्हणून एक्स्चेंजरच्या चारही नळ्यांवर प्रेशर गेज आणि थर्मामीटर लावा, हा खर्च वाचवू नका. टॉवरच्या बाजूला १ मिलिमीटर किंवा त्याहून बारीक जाळीचे दोन स्ट्रेनर शेजारी-शेजारी ठेवा म्हणजे एक धुताना दुसरा चालू राहील. प्लेट्समधून पाणी उलट फिरवायचे व्हॉल्व्ह ठेवा. जिनिंगच्या दिवसांत आठवड्यातून एकदा उलट धुलाई.

प्लेटचा धातू पाण्याची क्लोराइड चाचणी करूनच ठरवा. तुमच्या भागात बहुतेक एसएस ३१६ भागेल. हेच काम पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, अकोला-बुलढाण्याकडे असतं तर मी ३१६ लाही आधी थांबवलं असतं आणि टायटॅनियमचं कोटेशन मागवलं असतं. टॉवरमध्ये पाणी तीन-चार पट आटतं, क्लोराइडही तेवढंच वाढतं, तेव्हा चाचणी बोअरच्या नव्हे तर बेसिनच्या पाण्याची धरा. मार्चमध्ये मोसम संपला की एक्स्चेंजरच्या चारही बाजूंचे हाताचे व्हॉल्व्ह बंद करा आणि टॉवरची बाजू रिकामी करून स्वच्छ पाण्याने धुऊन ठेवा. साचलेल्या खाऱ्या पाण्यात स्टीलला खड्डे पडतात. आणि मोटरच्या बटरफ्लाय व्हॉल्व्हवर विसंबून राहिलात तर मे महिन्यात ते थोडेथोडे गळतील, तुमचं ७ चं चिल्ड वॉटर ३० च्या टॉवरच्या पाण्याशी प्लेट्सवर गाठ घालत राहील आणि चिलर का थकतोय ते कुणाला कळणार नाही.

वीज गेल्यावर काय, हे कंट्रोलच्या कागदात हमखास सुटतं. गावाकडच्या फीडरवर रात्री दोन-चार ट्रिपिंग होणं नवीन नाही. वीज परत आली की कंट्रोलरने आठवणीतल्या स्थितीवर जाऊ नये. त्याने व्हॉल्व्हची खरी जागा लिमिट स्विचवरून वाचावी आणि मग निर्णय घ्यावा. नाहीतर चिलर बंद आणि एक्स्चेंजरचा व्हॉल्व्ह अर्ध्यात, अशी अवस्था होते आणि सर्व्हर रूम तापते. उलट बाजूने पाहिलं तर फ्री कूलिंगचा खरा उपयोग इथेच जाणवतो. हिवाळ्याच्या रात्री सर्व्हर रूम थंड ठेवायला कॉम्प्रेसर लागत नाही, फक्त तीन पंप आणि एक पंखा. चिलर सुरू करायला जो मोठा जनरेटर लागतो त्याऐवजी तेवढ्यापुरतं लहान जनरेटरवर भागतं.

पैशाचं एकदा स्पष्ट पाहू. २० टीआरवर तुमचा चिलर अकार्यक्षम असतो, समजा १८ किलोवॉट घेतो. पंखा आणि एक्स्चेंजरचा पंप यांची जादाची वीज ५ किलोवॉट धरली तर ताशी १३ युनिट वाचतात. १७ डिग्रीवर ९० रात्री, रोज १२ तास, म्हणजे १४ हजार युनिट. युनिटला १० रुपये धरले तर एक लाख चाळीस हजार. तीच गोष्ट १४ डिग्रीवर केली तर ६० रात्री, रोज साडेसहा तास, म्हणजे पाच हजार युनिट आणि पन्नास हजार रुपये. सकाळच्या मिश्र चालीची भर रोज जेमतेम दीड तासाची, तिच्यावर गणित उभं करू नका. एक्स्चेंजर, पंप, व्हॉल्व्ह, सेन्सर आणि पाइपिंगचं कोटेशन या दोन आकड्यांसमोर ठेवा. १४ वर ते बहुधा बसणार नाही. टॉवरचं पाणी थोडं वाचतं, कारण कॉम्प्रेसरची उष्णता बाष्पीभवनाने उडवावी लागत नाही, पण ७० किलोवॉटला ते तासाला शंभर लिटरच्या आसपास जातंच. बोअर उन्हाळ्यात आटत असली तरी हिवाळ्यात याची अडचण येऊ नये.

ऑर्डर देण्याआधी या हिवाळ्यात एक काम करा. नागपूरच्या हवामान फाइलवर भिस्त ठेवू नका, शहराच्या रात्री तुमच्या मोकळ्या शिवारापेक्षा उबदार असतात. टॉवरच्या शेजारी, पण त्याच्या वाफेबाहेर, तापमान-आर्द्रतेचा एक लॉगर नोव्हेंबरच्या मध्यापासून टांगून ठेवा. त्याच दिवसांत आहे त्याच चिलरचा सेटपॉइंट रोज एक अंश वर न्या, १४ पर्यंत दिवसा आणि १७ पर्यंत रात्री, आणि कुठल्या खोलीतून पहिली तक्रार येते ते लिहून ठेवा. बहुतेक ती एखाद्या पश्चिमेच्या केबिनमधून दुपारी येईल, तेवढ्या एका एएचयूची कॉइल पाहावी लागेल. सर्व्हर रूमला १७ पचलं, तर लॉगरमधले १४.५ च्या खालचे रात्रीचे तास मोजा आणि तो आकडा घेऊन एक्स्चेंजरवाल्याशी बोला.